वेबसाईटच्या जागी 'डोमेन विकणे आहे' असं पान आलंय. आधी काय तपासू?

देवगडची_लेक | १८ मार्च २०२५, सकाळी ९:१०

आमच्या बागेची वेबसाईट गेली नऊ वर्षं चालू आहे. बाबा बाग बघतात, ऑर्डरी आणि मेल मी पुण्याहून बघते. परवापर्यंत सगळं नीट होतं. आज सकाळी एका जुन्या गिऱ्हाईकाचा फोन आला, "ताई, बाग विकली काय?" उघडून बघते तर आमच्या साईटच्या जागी भलतंच पान. मध्ये मोठ्या अक्षरात 'This domain may be for sale', खाली कर्ज, विमा, विमानाची तिकिटं असल्या जाहिरातींच्या लिंका.

साईट २०१६ मध्ये गावातल्याच एका मुलाने करून दिली होती. डोमेनही त्यानेच घेतलं. आम्ही दरवर्षी त्याला पैसे द्यायचो, यंदा त्याने मागितले नाहीत आणि आमच्याही लक्षात राहिलं नाही. होस्टिंग वेगळ्या कंपनीचं आहे, त्याचे पैसे मी जानेवारीत भरलेत.

नाव खरंच गेलं का? पानावर 'किंमत विचारा' असं बटण आहे, ते दाबू का? पहिल्या पेट्या निघायच्या वेळेला हे झालंय, डोकं चालत नाहीये.

---

सह्यकडा | ९:२२

ताई, बटण दाबू नका. कोणी विकत बसलाच असेल तर तुम्हाला घाई आहे हे त्याला आधी कळायला नको.

---

विनूकाका | ९:३१

माझंही गेल्या वर्षी असंच झालं होतं. साईटच्या जागी 'Account Suspended' आलं. होस्टिंगवाल्याला फोन केला, बिल भरलं, अर्ध्या तासात साईट परत. तुम्हीही होस्टिंगवाल्यालाच फोन लावा.

---

निखिल_नाशिक | ९:४०

विनूकाका, तुमचं होस्टिंगचं होतं. ताईंनी होस्टिंगचे पैसे भरलेत.

पण ताई, मला हे डोमेनचंही वाटत नाही. तुम्ही व्यनितून नाव दिलंत ते मी whois मध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींत, टाकून बघितलं. मुदत १९ फेब्रुवारी २०२६ पर्यंत आहे, म्हणजे अजून अकरा महिने. कोणीतरी पैसे भरलेले आहेत. साईट हॅक झाली असावी, नाहीतर डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून साईटचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, कोणीतरी हात घातलाय. आधी होस्टिंगचा पासवर्ड बदला.

---

तळटीप | १०:०५

निखिल, तारीख तुम्ही बरोबर वाचलीत, पण तिचा अर्थ तुम्हाला वाटतोय तो नाही. यात भलेभले फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी चौदा वर्षं हेच काम करतोय.

.com नावांची मूळ वही एका ठिकाणी असते, तिला रजिस्ट्री म्हणतात. आपण नाव घेतो ते मधल्या कंपनीकडून, म्हणजे रजिस्ट्रारकडून. मुदत संपली की त्या दिवशी रजिस्ट्री आपणहून तारीख एका वर्षाने पुढे ढकलते आणि रजिस्ट्रारच्या खात्यातून पैसे घेते. नाव पुढे ठेवायचं की सोडायचं हे ठरवायला रजिस्ट्रारला त्यानंतर ४५ दिवस असतात. त्या मुदतीत त्याने नाव सोडलं तर त्याचे पैसे परत मिळतात. म्हणून मालकाने एक पैसाही भरलेला नसला तरी रजिस्ट्रीच्या नोंदीत पुढच्या वर्षाची तारीख दिसते.

खरी तारीख रजिस्ट्रारच्या नोंदीत मिळेल. lookup.icann.org वर नाव टाका. तिथे Registry Expiration आणि Registrar Expiration अशा दोन ओळी असतात. देवगडची_लेक, त्या दोन्ही ओळी, नाव पहिल्यांदा कधी घेतलं ती तारीख, रजिस्ट्रारचं नाव आणि खालच्या स्टेटसच्या ओळी इथे टाका. डोमेनचं नाव गाळलंत तरी चालेल.

आणि आणखी एक. ते विक्रीचं पान परत उघडा आणि अगदी वरच्या कडेला किंवा तळाला बारीक अक्षरात काही लिहिलंय का ते बघा.

---

निखिल_नाशिक | १०:११

हे ठाऊक नव्हतं. म्हणजे मी ताईंना उलट्याच दिशेला पाठवत होतो. माफ करा.

---

देवगडची_लेक | १०:३८

हे घ्या. रजिस्ट्रारचं नाव काढलंय.

```
Created:              2016-02-19
Updated:              2025-03-16
Registry Expiration:  2026-02-19
Registrar Expiration: 2025-02-19
Domain Status:        clientTransferProhibited
```

पानाच्या वरच्या कडेला खरंच एक करड्या रंगाची ओळ आहे. फोनवर दिसलीच नव्हती, लॅपटॉपवर मोठं करून वाचली. "This domain has expired. If you are the owner, log in to your account to renew." सकाळी मला फक्त 'for sale' दिसलं.

---

तळटीप | ११:०२

चांगली बातमी आहे. ज्या ओळीने घाबरवलं तिच्यापेक्षा ही करडी ओळ जास्त खरी आहे.

मुदत संपल्यावर रजिस्ट्रार साईटच्या जागी स्वतःचं पान लावू शकतो. पण मूळ मालकाला अजून नूतनीकरण करता येत असेल, तर मुदत संपल्याचं आणि ते कसं करायचं हे त्या पानावर ठळक लिहिलंच पाहिजे, असा आयकॅनचा, म्हणजे डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, नियम आहे. ठळक म्हणजे किती, हे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने ठरवते. ती ओळ अजून आहे याचा अर्थ दार उघडं आहे. वर लटकलेली 'विकणे आहे'ची पाटी बऱ्याच कंपन्या अशा सगळ्याच नावांवर सरसकट लावतात.

आता तारखा एकापुढे एक ठेवून बघू. नाव १९ फेब्रुवारीला संपलं. आज १८ मार्च, म्हणजे सत्ताविसावा दिवस. ४५ दिवस ५ एप्रिलला भरतात. १६ मार्चला नोंद बदलली आहे, बहुतेक त्याच दिवशी त्यांनी तुमचे नेमसर्व्हर, म्हणजे या नावाची साईट आणि मेल कुठे आहेत ते सांगणारे सर्व्हर, काढून स्वतःचे लावले. म्हणून परवापर्यंत साईट दिसत होती. मुदत संपल्यासंपल्या साईट बंद करायचं बंधन त्यांच्यावर नसतं, त्यामुळे तीन-चार आठवडे सगळं सुरळीत वाटतं आणि मग एका सकाळी असा दणका बसतो.

Created ची तारीख २०१६ चीच आहे. नाव सुटून दुसऱ्या कोणी नव्याने घेतलं असतं तर तिथे २०२५ दिसलं असतं. एवढ्या एका ओळीवर मात्र विसंबू नका. काही कंपन्या संपलेली नावं सुटण्याआधीच लिलावात काढतात, आणि तशी विकली गेली तर २०१६ तशीच राहते. तेव्हा रजिस्ट्रार तोच आहे ना, करडी ओळ आहे ना आणि त्या खात्यात 'Renew' दिसतंय ना, हे तिन्ही बघा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

५ एप्रिलची वाट मात्र बघू नका. ते ४५ दिवस रजिस्ट्रारचे आहेत, तुमचे नाहीत. तो मधेच कधीही नाव सोडू शकतो आणि लिलाव आतून चालू असेल तर त्याचं घड्याळ वेगळं असतं. आजच्या आज रिन्यू करा.

---

सह्यकडा | ११:१५

समजा त्याने सोडलंच, तर? लगेच दुसऱ्याला मिळतं का?

---

तळटीप | ११:२४

नाही. पुढे ३० दिवसांची रिडेम्पशनची मुदत असते, तेव्हा स्टेटसमध्ये redemptionPeriod दिसतं. त्यातूनही मूळ मालकाला नाव सोडवता येतं, पण नेहमीच्या दराच्या कितीतरी पट दंड पडतो. मी एका ग्राहकासाठी सात हजारांच्या वर भरलेत. ते ३० दिवस संपले की ५ दिवस pendingDelete. त्यात कोणालाच काही करता येत नाही. मग नाव खुलं.

ओळखायची खूण सोपी आहे. रिडेम्पशनमध्ये नाव डीएनएसमधूनच निघतं, त्यामुळे कुठलंच पान उघडत नाही, ब्राउझर सरळ 'साईट सापडली नाही' म्हणतो. जाहिरातींचं पान उघडतंय म्हणजे तुम्ही एकतर त्याच्या अलीकडे आहात, नाहीतर नाव दुसऱ्याकडे जाऊन पार पलीकडे. ताई अलीकडे आहेत.

---

बारभाई | ११:४०

माझं मत वेगळं आहे. ज्याच्या खात्यात नाव आहे तो मुलगा सापडेल न सापडेल, त्याच्या पाया कशाला पडायचं? सुटू दे नाव. साधारण दोन महिने कळ काढा, मग स्वतःच्या नावावर हजारभर रुपयांत नव्याने घ्या. भांडण नाही, उपकार नाहीत.

---

मंडळाची_सचिव | १२:०३

बारभाई, आमच्या महिला मंडळाने हेच केलं. अठरा वर्षं चालवलेलं नाव होतं. सुटायच्या दिवशी मी आणि माझी भाची लॅपटॉप उघडून बसलो होतो. जे सुटायची वाट बघतात त्यांची यंत्रं सेकंदाच्या आत नाव उचलतात, आमचं पान धड लोडही झालं नाही. आज त्या नावावर सट्ट्याची साईट आहे. जुन्या स्मरणिकांत, कार्यक्रमांच्या पत्रिकांवर तोच पत्ता छापलेला आहे. आमच्या पंचाहत्तरीच्या माजी अध्यक्षा नातवाला मंडळाचे फोटो दाखवायला गेल्या आणि त्यांना काय दिसलं ते मी इथे लिहू शकत नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

देवगडची_लेक, त्या मुलाला फोन करा. लागले तर दहा फोन करा.

---

बारभाई | १२:१०

हे वाचून गप्प बसतो. नवीन, कोणाच्या ध्यानात नसलेल्या नावाला माझा सल्ला चालला असता. नऊ वर्षं चालू असलेल्या नावाला नाही.

---

रेवती_न्यूजर्सी | १२:२६

इथे रात्र आहे, पण धागा वाचून राहवलं नाही. ताई, तुमचा आंबा मी दोनदा माहेरी पाठवलाय, त्यामुळे नाव माहीत होतं. मला तुमची जुनीच साईट दिसतेय! ऑर्डरचा फॉर्मही उघडतोय. मग बंद कशी?

---

तळटीप | १२:३४

रेवतीताई, तुमच्या इंटरनेट कंपनीने जुना पत्ता लक्षात ठेवलाय. .com चे नेमसर्व्हर कोणते हे उत्तर दोन दिवसांपर्यंत साठवून ठेवता येतं. दुपारी-संध्याकाळी तुम्हालाही ते पान दिसेल. ताईंनी पैसे भरल्यावर हेच उलटं होईल, काहींना साईट लगेच दिसेल आणि काहींना दोन दिवस जाहिराती. तेव्हा घाबरून भलतं काही बदलू नका.

---

चष्मिष्ट | १२:५०

जरा अवांतर. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टही passport.com चे पैसे भरायला विसरली होती. हॉटमेलचं लॉगिन त्या नावावरून चालायचं, ऐन नाताळात लोकांना मेल उघडेनात. अमेरिकेतल्या एका लिनक्स प्रोग्रॅमरने कारण शोधलं आणि स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून टाकले.

यावरून प्रश्न पडला. नाव दुसऱ्याच्या खात्यात असलं तरी पैसे तिसरा कोणी भरू शकतो का?

---

तळटीप | १:०५

काही कंपन्या लॉगिनशिवाय नूतनीकरण घेतात, काही नाही. सपोर्टला विचारायला हरकत नाही, पण पैसे भरल्याने मालकी मिळत नाही. नाव ज्याच्या खात्यात, त्याच्याच खात्यात राहतं. शिवाय मेलमधल्या 'आत्ता भरा' लिंकवरून कधीही भरू नका. संपलेल्या नावांच्या याद्या बघून खोटी बिलं पाठवणारे खूप आहेत. रजिस्ट्रारचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा.

---

देवगडची_लेक | २:४५

मुलगा सापडला! आता बंगळुरूला नोकरीला आहे. त्याच्या आईकडून नंबर मिळाला. बिचारा फार ओशाळला. ऑटो-रिन्यू चालूच होतं म्हणाला, पण खात्यात जुनं कार्ड होतं आणि सूचनांचे मेल कॉलेजच्या वेळच्या पत्त्यावर जात होते. तो पत्ता तो वर्षभर उघडत नाही. आत्ता बघितलं तर तीन मेल पडलेत, एक जानेवारीतला, एक मुदतीच्या आठवडाभर आधीचा आणि एक २१ फेब्रुवारीचा.

'Renew' दिसत होतं. त्याने लगेच भरले, १,२९९ रुपये आणि वर जीएसटी. दंड नाही. पण साईटवर अजून जाहिरातीच आहेत.

---

कार्डवाली_मनीषा | २:५८

कार्ड जुनं नसतं तरी अडलं असतं कदाचित. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप पैसे कापायचे तर आधी ई-मँडेट नोंदवून संमती द्यावी लागते. माझं परदेशी रजिस्ट्रारकडचं ऑटो-रिन्यू तेव्हापासून एकदाही झालेलं नाही. खात्यात हिरवं बटण मात्र 'चालू' दाखवतं. त्या बटणावर विश्वास ठेवू नका, पैसे खरंच कापले गेले का ते बघा.

---

तळटीप | ३:१०

उत्तम झालं, देवगडची_लेक. आता लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाका, example.com च्या जागी तुमचं नाव:

```
nslookup -type=NS example.com a.gtld-servers.net
```

हे थेट .com च्या सर्व्हरला विचारतं, मधल्या कोणाच्या आठवणीवर जात नाही. उत्तरात तुमच्या होस्टिंगवाल्याचे नेमसर्व्हर आले तर काम झालंय, फक्त थांबायचं. अजून पार्किंगचेच, म्हणजे त्या जाहिरातींच्या पानाचेच, आले तर एक-दोन तासांनी परत बघा, आणि तरीही तेच असतील तर त्या मुलाला खात्यात जाऊन जुने नेमसर्व्हर हाताने घालायला सांगा. बहुतेक ठिकाणी ते आपोआप परत येतात, पण दर वेळी नाही.

---

देवगडची_लेक | ५:२०

आधी पार्किंगचेच होते. पाच वाजता टाकलं तर आमच्या होस्टिंगचे दोन्ही आले! फोनच्या नेटवर साईट दिसली. घरच्या वायफायवर अजून जाहिराती, पण आता कारण माहीत आहे.

एक काळजी आहे. ऑर्डरीचा मेल याच नावावर आहे. १६ तारखेपासूनचे मेल कुठे गेले?

---

तळटीप | ५:४१

नेमसर्व्हर बदलले तेव्हा मेलचा पत्ताही गेला. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला कोणीच सापडलं नसेल तर काही मेल लगेच 'पोचला नाही' म्हणून परत गेले असतील, ते आता येणार नाहीत. काही सर्व्हर चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतात, ते मेल आज-उद्या येतील. दोन दिवसांत ज्यांची ऑर्डर अपेक्षित होती त्यांना सरळ फोन करा.

आणि आज रात्री एक काम कराच. बँक, जीएसटी पोर्टल, गुगलवरची दुकानाची नोंद यांपैकी कुठे कुठे या डोमेनवरचा मेल दिलाय त्याची यादी काढा. नाव परक्याच्या हातात गेलं असतं तर त्याला त्या पत्त्यावर मेल घेता आले असते आणि 'पासवर्ड विसरलो' दाबून त्याने एकेक खातं उघडलं असतं. डोमेनच्या खात्याचा संपर्क पत्ता तर त्याच डोमेनवरचा कधीच नको. डोमेन बंद पडलं की सूचनाही त्याच्याबरोबर बंद पडते.

---

निखिल_नाशिक | ५:५५

आता नाव त्या मुलाकडून काढून लगेच दुसऱ्या रजिस्ट्रारकडे ट्रान्सफर करून घ्यावं ना?

---

तळटीप | ६:०८

काढून घ्यावं, पण ट्रान्सफरने नको. मुदत संपल्यावर भरलेलं आहे, त्या ४५ दिवसांत दुसऱ्या कंपनीकडे गेलं तर आज भरलेलं वर्ष बुडू शकतं. त्यापेक्षा ताईंनी त्याच कंपनीत बाबांच्या नावाने खातं काढावं आणि मुलाने नाव या खात्यातून त्या खात्यात सरकवावं. त्याला बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे लागत नाहीत. मालक म्हणून नोंदीत बाबांचं नाव आणि पत्ता आला का ते आत जाऊन बघा, बाहेरून आता ते झाकलेलं असतं.

---

विनूकाका | ७:३०

पूर्ण धागा वाचला. माझं डोमेन कोणाच्या खात्यात आहे हे मलाच माहीत नाही असं लक्षात आलं. साईट करून देणारा गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारला. नाव .in आहे, मुदत ऑगस्टपर्यंत आहे. त्याच्या मुलाला पासवर्ड माहीत नाही. मी काय करू?

---

तळटीप | ८:१२

काका, तुमच्याकडे पाच महिने आहेत, तेवढे पुरावेत. .in ची वही निक्सी या संस्थेकडे असते, पण तुमचं काम रजिस्ट्रारकडेच होईल. registry.in वर नाव टाकून रजिस्ट्रार कोण ते काढा आणि त्यांना लेखी विचारा, की खातेदार मयत आहे, वारसाच्या संमतीने नाव माझ्या खात्यात घ्यायला कोणती कागदपत्रं लागतील. मृत्यूचा दाखला आणि मुलाचं पत्र बहुतेक मागतीलच. मालकाच्या रकान्यात तुमच्या दुकानाचं नाव निघालं तर सोपं जाईल. त्या गृहस्थांचंच निघालं तर कंपनी कितपत ऐकेल ते आज सांगता येत नाही. तुम्ही त्यांना दिलेल्या पैशांच्या जुन्या पावत्या आहेत का?

---

विनूकाका | ८:२०

चोपडीत नोंदी आहेत. पावत्या शोधतो.

---

देवगडची_लेक | १९ मार्च, सकाळी ८:०५

वायफायवरही साईट आली. रात्रीत अडकलेले चार मेल आले, त्यातल्या दोन ऑर्डरी. तिसऱ्या गिऱ्हाईकाचा मेल परत गेला होता, त्यांना फोन केला. बाबांच्या नावाने खातं काढलंय, तो मुलगा आज संध्याकाळी नाव सरकवतोय. विनूकाका, पावत्या मिळाल्या की इथेच लिहा, मी धाग्यावर लक्ष ठेवून आहे.